तुम्ही विचारलंत म्हणून: रडला तर?

"ताई, आमचा मुलगा मला सोडून कधी राहिलेलाच नाही. तुमच्याकडे रडला तर काय करता?"

रडेल. पहिल्या आठवड्यात बहुतेक मुलं रडतात, ते आम्ही धरूनच चालतो. म्हणून जूनअखेर विदर्भातल्या शाळा उघडतात तेव्हा नर्सरीची सगळी मुलं आम्ही एकाच दिवशी बोलावत नाही. पाच-सहा जणांचा गट येतो. पहिले दोन दिवस आई, बाबा किंवा आजी तासभर वर्गातच बसतात. तिसऱ्या दिवशी मुलाला सांगून बाहेर जातात आणि पंधरा मिनिटांत परततात. मग ही वेळ हळूहळू वाढते.

एकच विनंती असते, गुपचूप निघून जाऊ नका. गेल्या वर्षी एक मुलगी आजीबरोबर यायची. सांगितलं की रडते, म्हणून ती खेळात रमलेली पाहून आजी हळूच गेल्या. दुसऱ्या दिवशी मुलगी खेळायला बसेचना, पदर धरून दाराकडे पाहत राहिली. आम्ही आजींना पुन्हा वर्गात बसवलं. दोन दिवसांनी त्या नातीला म्हणाल्या, "तुझा डबा खाऊन झाला की मी येते." मग व्हरांड्यात बसल्या आणि डब्याचं झाकण लागताच आत आल्या. तीन वर्षांच्या मुलाला अकरा वाजलेले कळत नाहीत, डबा संपलेला कळतो. दुसऱ्या आठवड्यात आजी गेटवरूनच परतू लागल्या. सोमवारी मुलगी परत रडली. सुट्टीनंतर तसं होतं, दिवाळीनंतरही होईल.

निरोपाच्या वेळचं रडणं दहा-पंधरा मिनिटांत थांबलं, मूल डबा खाऊ लागलं, शू लागली की ताईंना सांगू लागलं, तर ते रुळतंय. खरी काळजी वाटते ती न रडणाऱ्या पण दप्तर खांद्यावरून न उतरवणाऱ्या मुलाची. ते खात नाही, शू दाबून ठेवतं, घरी रात्री दचकून उठतं. असं दिसलं तर आम्ही त्याची वेळ कमी करतो आणि घरच्यांशी रोज बोलतो. तीन आठवड्यांनंतरही फरक नसेल, तर काही महिने थांबून पुन्हा यायला आम्हीच सांगतो.

नर्सरीसाठी 31 डिसेंबरला 3 वर्षं पूर्ण हवीत. मुलाची मुलाखत होत नाही. संक्रांतीनंतरच्या दोन्ही शनिवारी, सकाळी 10 ते 12, शाळा तुमच्यासाठी उघडी आहे. मुलाला घेऊन या, त्याला वाळूत खेळू द्या. तुम्ही स्वच्छतागृह बघा, आणि शू झालेल्या मुलाचे कपडे कोण बदलतं हे ताईंना विचारा. कागदपत्रं त्या दिवशी नकोत. अर्ज घरी न्या आणि जानेवारीअखेरपर्यंत जन्मदाखल्याच्या प्रतीसह आणून द्या.