पत्रिकेला कात्री

नात्यातल्या एका मुलीच्या लग्नपत्रिकेचा मसुदा माझ्याकडे आला तो कापण्यासाठीच. छापखानेवाला म्हणाला होता, एवढा मजकूर बसवायचा तर अक्षर इतकं बारीक होईल की आजोबांना भिंग लागेल. घरच्यांची अट एकच, कोणाचंही नाव गळता कामा नये.

नावांना हात लावायची गरजच पडली नाही. पत्रिका फुगते ती नातेवाइकांमुळे नाही, विशेषणांमुळे. मसुद्यात होतं: ‘परमेश्वराच्या असीम कृपेने व थोरामोठ्यांच्या शुभाशीर्वादाने आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. अमुक हिचा शुभविवाह श्री. व सौ. तमुक यांचे द्वितीय चिरंजीव यांच्याशी शुभमुहूर्तावर मंगलमय वातावरणात संपन्न होत आहे. तरी या मंगलप्रसंगी आपण सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह अगत्यपूर्वक उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत व आम्हांस उपकृत करावे ही नम्र विनंती.’

माझं असं झालं: ‘आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. अमुक हिचा विवाह श्री. व सौ. तमुक यांचे द्वितीय चिरंजीव यांच्याशी करण्याचे श्रीकृपेने योजिले आहे. आपण सहकुटुंब येऊन वधूवरांस आशीर्वाद द्यावेत, ही विनंती.’

देव राहिला, ज्येष्ठ-द्वितीय राहिले, आशीर्वादही राहिले. ‘सहकुटुंब’ मात्र काढायचं नाही. ते नसलं की घरटी एकच माणूस येतो आणि ‘आम्हाला नीट बोलावलंच नाही’ हे पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं. ‘हेच अगत्याचे आमंत्रण समजावे’ हेही भरताड वाटतं, पण ज्यांच्या घरी अक्षत घेऊन जाणं जमणार नाही त्यांच्यासाठी तेवढाच आधार असतो. त्याच्या शेजारचं ‘नजरचुकीने आमंत्रण न मिळाल्यास क्षमस्व’ मात्र खुशाल उडवलं. ज्याला पत्रिकाच मिळाली नाही, तो ते वाचणार कुठे?

हळद, सीमांतपूजन, मुहूर्त, भोजन यांची वाक्यं मोडून वार, तारीख, वेळ आणि ठिकाण एकेका ओळीत घातलं. तसं केल्यावरच दिसलं की मुहूर्त १२ वाजून २७ मिनिटांचा आणि भोजन १२ पासून! शकही चुकला होता. लग्न फेब्रुवारी २०२६ मधलं, आणि सनातून सरसकट ७८ वजा करून शके १९४८ लिहिलेलं. गुढीपाडव्याआधी ७९ वजा करायचे असतात, म्हणजे १९४७. जुनी पत्रिका समोर ठेवून नवी लिहिली की ही चूक हमखास होते.

मामांचं नाव ‘विनीत’च्या यादीत सोळावं होतं. मुलीचा मामा, आणि सोळावा! ते वर आणून वेगळ्या ओळीत घेतलं. ओळ वाढली, पण वाढू दे.

शेवटी ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ आणि खाली पोरांची टोपणनावं. ती वयाने लावायची ठरली, आणि चिकू मोठा की परी, यावर दोन जावांचं अजून चालू आहे.