शेवटचा हप्ता कशावर अडकवायचा

‘मीटअपच्या भाषणात तुम्ही नोकरी सोडून फ्रीलान्स वेबसाइट करायला लागल्यावरच्या पहिल्या दोन वर्षांतल्या तीन चुका सांगितल्यात. त्यातली सगळ्यात महागात पडलेली कोणती?’

दुसरी. पहिली दराची होती. पगाराला वर्षाच्या २०८० तासांनी, म्हणजे ५२ आठवडे गुणिले ४० तासांनी भागून मी तासाचा दर काढला. पण सुट्ट्या आणि आजारपण वगळून, कोटेशनं, ईमेल, हिशेब यांत जाणारा वेळ कापला की बिल लावता येतील असे तास हजार-अकराशेच उरतात. म्हणजे त्या दराने जुन्या पगाराच्या निम्म्याच्या आसपासच हाती येणार. हे निदान आकडेमोडीत दिसतं तरी.

दुसरी करारातल्या एका ओळीत दडली होती: ‘३० टक्के आगाऊ, ७० टक्के साइट लाइव्ह झाल्यावर.’ वाचायला अगदी रास्त. डिझाइन मंजूर झालं, कोडिंग झालं, टेस्ट लिंकवर सगळं नीट चालत होतं. अडलं होतं फक्त मजकूर आणि फोटोंसाठी, आणि ते क्लायंटने द्यायचे होते. पैसे बुडवायचा त्याचा हेतू नव्हता, त्याला घाई नव्हती इतकंच. मी आठवण करायचो, तो ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ म्हणायचा. साइट लाइव्ह नाही म्हणजे करारानुसार मला पैसे मागताच येत नव्हते. माझ्या बाजूचं काम संपलं होतं, पण सत्तर टक्के रकमेची किल्ली त्याच्या खिशात होती.

आता मी ४०, ३० आणि ३० असे हप्ते करतो: सुरुवातीला, डिझाइन मंजूर झाल्यावर आणि टेस्ट लिंक पाठवल्यावर. शेवटचा हप्ता मी करतो त्या कृतीला बांधलेला असतो. मंजुरी मात्र क्लायंटच्याच हातात राहते, म्हणून सोबत एक ओळ असते: ‘डिझाइन किंवा टेस्ट लिंक पाठवल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत लेखी हरकत न आल्यास तो टप्पा मंजूर धरला जाईल.’ मजकूर आला नसेल तर त्या जागी नमुना मजकूर घालून लिंक देतो. साइट क्लायंटच्या सर्व्हरवर हलवतो ती शेवटचा हप्ता जमा झाल्यावरच.

तिसरी चूक, बहुतेक कमाई एकाच क्लायंटकडून येणं, हिच्याच पाठीवर आली. तो क्लायंट हातचा जाईल या धास्तीने त्याच्यापुढे या अटी काढायची माझी हिंमत झाली नाही.

यावर हमखास पुढचा प्रश्न येतो, की क्लायंटला दहा दिवसांची अट मान्यच नसेल तर? मी वीस दिवस देतो. तेही नको असेल तर दिवसांची अट सोडून शेवटचा हप्ता १० टक्क्यांवर आणतो आणि उरलेले आधीच्या दोन टप्प्यांत वाटतो. तारीखही नको आणि हप्तेही हलवायचे नाहीत म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही.