अंधारातले रोप उंच निघते तेव्हा : वर्गासाठी प्रयोग निवडतानाचा माझा अनुभव

तिसरीच्या मुलांसाठी रोपांच्या वाढीचा प्रयोग निवडायचा होता आणि त्यासाठी घरातल्या वस्तू व एक वही यांपलीकडे काही लागू नये, अशी माझी अट होती. साखरेचे पाणी, दुधाचे पाणी असे प्रकार मी लगेच बाजूला ठेवले, कारण त्यांत मातीवर बुरशी येते आणि मुले रोपाऐवजी बुरशीच पाहत बसतात. ओल्या कापसावरचे बी फक्त अंकुरण्यापर्यंतची गोष्ट दाखवते. म्हणून उजेड आणि अंधार यांची तुलना निवडली. भिजवलेले मूग, तळाला भोक पाडलेले दोन सारखे पेले, एकाच ढिगातली माती आणि एक पुठ्ठ्याचे खोके एवढे साहित्य पुरेसे होते.

इथपर्यंत काहीच अडले नाही. अडले ते शाळेकडून मिळालेल्या छापील निरीक्षणपत्राशी, आणि त्याचा राग अजूनही गेलेला नाही. त्यात तारीख आणि उंची असे दोनच रकाने होते, आणि खाली निष्कर्ष आधीच छापलेला होता : ‘उजेडातील रोपाची वाढ अधिक झाली.’ आठव्या दिवशी उजेडातल्या पाच रोपांची उंची ५, ६, ७, ७ आणि ८ सेंटीमीटर भरली, तर खोक्याखालच्या रोपांची १२, १५, १६, १७ आणि १८. एका मुलीने खोडरबर हातात घेऊन विचारले, “बाई, माझं चुकलं का?” तिचे काहीही चुकले नव्हते. चुकला होता तो कागद, कारण त्याने वाढ म्हणजे उंची असे गृहीत धरले होते.

अंधारात रोप उंच होते, हे अपवादाने घडत नाही. तसेच व्हायला हवे. मातीखालून वर येणाऱ्या अंकुराला उजेड मिळेपर्यंत तो बीच्या दोन दलांत साठवलेले अन्न खर्चून खोड लांबवत राहतो. पाने पसरवणे आणि हरितद्रव्य तयार करणे ही कामे उजेड मिळाल्यावरची असतात. त्यामुळे खोक्याखालची रोपे फिकट पिवळी, बारीक, लहान मिटल्यासारख्या पानांची आणि एका बाजूला कललेली दिसतात. ती लांब झालेली असतात, पण त्यांनी नवे अन्न तयार केलेले नसते. साठा संपला की ती कोलमडतात. पट्टीने फक्त लांबी कळते, आणि त्या कागदाला बाकीचे काही विचारायचेच नव्हते.

मी तो कागद बाजूला ठेवला आणि वहीत रकाने आखून घेतले : तारीख, उंची, पानांचा रंग, खोड ताठ आहे की कललेले, घातलेले पाणी, आणि शेजारी रोज एक चित्र. प्रत्येक पेल्यात पाच रोपे हवीतच, कारण एखादे बी रुजत नाही आणि एकेकाच रोपाची तुलना केली तर तो फरक बियांचा की उजेडाचा हे सांगता येत नाही. सरासरी काढणे या वयाला जड जाते, म्हणून उंची चढत्या क्रमाने लिहून मधली निवडायला सांगितले. उजेडातली ७ आणि अंधारातली १६, ही तुलना मुलांनी स्वतः केली. मग पुढच्या ओळीत प्रत्येकाने रंगाबद्दल आणि खोडाबद्दल लिहिले, आणि कोणते रोप अधिक चांगले वाढले यावर वर्गात जो वाद झाला, तो मला त्या छापील वाक्यापेक्षा कितीतरी मोलाचा वाटला.

पाण्याबद्दल आधीच सांगायला हवे होते. दोन्ही पेल्यांना रोज दोन-दोन चमचे हा नियम न्याय्य वाटतो, पण खोक्याखालची माती सावकाश सुकते आणि तिथे पाणी साचून मुळे कुजतात. माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी घालावे आणि किती चमचे घातले ते लिहावे. सारखा ठेवायचा तो ओलावा. खोके थेट उन्हात ठेवू नये, नाहीतर आतली हवा तापते आणि फरक उजेडामुळे पडला की उष्णतेमुळे, हे कळत नाही. दोन्ही पेले उजेडाच्या, पण ऊन न येणाऱ्या एकाच जागी शेजारी असावेत, आणि खोके मोजणीपुरतेच, थोडा वेळ उचलावे. कललेले रोप पट्टीने मोजू नये; मातीपासून टोकापर्यंत दोरा लावून तो पट्टीवर धरावा.

आठव्या दिवसाच्या मोजणीनंतर खोके कायमचे काढून टाकावे आणि वही बंद करू नये. एक-दोन दिवसांत पिवळी पाने हिरवी होऊ लागतात, आणि निरीक्षणपत्रात ज्याला जागाच नव्हती तो रंगाचा रकाना मुले सगळ्यांत आधी भरतात. बिया मात्र आठवड्याच्या सुरुवातीला पेराव्यात, म्हणजे पहिले अंकुर वर येतात ते दिवस सुट्टीत जात नाहीत.