तीन वेळा गिचका, चौथ्यांदा सडसडीत: घरच्या गॅसवरचा व्हेज फ्राइड राइस

शिळा भात उरला की आमच्याकडे फोडणीचा भात होतो, आणि तो मला उत्तम जमतो. म्हणूनच फ्राइड राइस तीन वेळा बिघडला तेव्हा मला फार लागलं. शिळा भात वापरला होता, गॅस मोठा होता, तरी तिन्ही वेळा कढईत मऊ गोळाच. लेकाने भाज्या वेचून खाल्ल्या.

पहिल्यांदा मी दोष तांदळाला दिला, आणि तो थोडा बरोबर होता. घरात इंद्रायणी होता. तो वरण-भाताला छान, पण मुळातच चिकट. मग लक्ष्मीपुरीतून लांब दाण्याचा जुना बासमती आणला. भरपूर उकळत्या पाण्यात शिजवला, कणी किंचित राहिली असताना चाळणीत ओतला, परातीत पसरून पंख्याखाली गार केला आणि पसरट डब्यात फ्रीजमध्ये ठेवला. सकाळी दाणा न् दाणा सुटा होता. आता जमणारच, असं वाटलं. दुपारी पुन्हा गिचका!

इथे मी दोन आठवडे अडले. कधी सोया सॉस कमी केला, कधी तेल वाढवलं. दोन्हीचा काही संबंध नव्हता.

शेवटी राजारामपुरीत आम्ही ज्या गाडीवर खातो, तिथे उभी राहून बघितलं आणि विचारलं. तो म्हणाला, "वैनी, एका वेळी किती भात टाकतासा?"

"सहा वाट्या. चौघांचा."

"आणि झाकण?"

"एक वाफ येईपर्यंत ठेवते."

"मग त्यो भाजणार कुठला? शिजणारच की!"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी फोडणीच्या भाताचा हात फ्राइड राइसला लावत होते. फोडणीच्या भाताला आपण पाण्याचा हबका मारतो आणि झाकण ठेवतो, कारण कडक झालेला दाणा मऊ करायचा असतो. इथे नेमकं उलट हवं. भात शिजताना दाण्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि चिकट होतो. रात्रभर थंडीत तोच स्टार्च आवळून घट्ट होतो, वरचा ओलावाही सुकतो. म्हणून शिळा भात सुटा राहतो. त्याला परत वाफ दिली की तो पुन्हा मऊ पडतो, म्हणजे रात्रीची सगळी मेहनत पाच मिनिटांत वाया.

झाकण काढलं तरी सहा वाट्यांचा प्रश्न होताच. गाडीवरची भट्टी घरच्या शेगडीपेक्षा कितीतरी जोरात पेटते. आपल्या कढईत फ्रीजमधला गार भात ढीगभर पडला की कढईच थंड होते, ओलावा उडून जाण्याऐवजी भातातच अडकतो आणि खालचा भात वाफेवर शिजतो. हे कानाने कळतं. चुरचुर आवाज चालू असेल तर भात भाजतोय. आवाज बसला आणि वाफ दिसायला लागली, तर भात जास्त झाला.

आता मी बिडाची कढई रिकामीच तापवते, पाण्याचा थेंब टाकला की तो मोत्यासारखा पळाला पाहिजे. मग रिफाइंड शेंगतेल. घाण्याचं तेल एवढ्या आचेवर लवकर जळतं आणि कडवट लागतं. लसूण, आलं, मग बारीक चिरलेलं गाजर आणि फरसबी, शेवटी कोबी. भाज्यांवर मीठ अजिबात टाकायचं नाही, टाकलं की कोबीला पाणी सुटतं. मीठ भातावर. भात दोनच वाट्या, तोही पसरून अर्धा मिनिट न हलवता ठेवायचा आणि मग परतायचा. सोया सॉस भातावर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेने सोडते, चमचाभर. एक घाणा चार मिनिटांत उतरतो. चौघांसाठी तीन घाणे, आणि प्रत्येक घाण्याआधी कढई पुन्हा तापू द्यायची.

भाज्या धुतल्या की फडक्यावर कोरड्या करा, हे आधी सांगायला हवं होतं. मी कपिलतीर्थवरून कोबी आणला की आदल्या रात्रीच धुऊन ठेवते. भाताच्या गुठळ्याही गार असतानाच तेलाच्या बोटांनी मोडायच्या. कढईत उलथन्याने मोडल्या की दाणे तुटतात आणि तुटलेल्या दाण्यातून चिकटा सुटतो.

आणखी एक, आणि हे कडकपणे सांगते: शिळा म्हणजे रात्रभर ओट्यावर ठेवलेला नव्हे. शिजल्यावर तासाभरात भात फ्रीजमध्ये गेला पाहिजे, उन्हाळ्यात तर नक्कीच. बाहेर राहिलेल्या भातात जे जंतू वाढतात, त्यांचं विष मोठ्या आचेवर परतूनही जात नाही. आंबूस वास नसला तरी असा भात मी वापरत नाही.

गेल्या रविवारी तिसरा घाणा उतरवला, गॅस बंद करून वरून कांद्याची पात टाकली. लेकाने या वेळी भाज्या वेचल्या नाहीत, ताट पुढे केलं.