बस्तीत पहिल्यांदा गेलो तेव्हा

बदली होऊन शिरोळ तालुक्यात आलो, तेव्हा जैन मंदिराला इकडे 'बस्ती' म्हणतात हेसुद्धा मला माहीत नव्हतं. शेजारचे अण्णा रोज पहाटे पांढरं धोतर नेसून, खांद्यावर उपरणं घेऊन अनवाणी निघायचे. तासाभराने परत यायचे तेव्हा कपाळ ओलं असायचं. सहा महिने हे बघून झाल्यावर एका शनिवारी मी विचारलं, "अण्णा, मी आलो तर चालेल का?"

"चालतंय की सर. पण उद्या उठल्यावर चहासुद्धा घेऊ नका," ते म्हणाले. मग अंगणातच उभं राहून त्यांनी बाकीचं सांगितलं. आंघोळ करून धुतलेले सुती कपडे घालायचे. ते कपडे घालून काही खायचं नाही, संडासलाही जायचं नाही. तसं झालंच तर पुन्हा आंघोळ आणि दुसरे कपडे. चामड्याचं काही अंगावर नको. आणि रिकाम्या हाताने यायचं नाही, मूठभर तांदूळ आणायचे, तेही निवडून.

मी सदरा-पायजमा काढून ठेवला. पट्टा लागणारच नव्हता, पाकीट घरी ठेवलं. तांदळातले खडे काढले. आणि माझ्या संस्काराप्रमाणे, पहिल्यांदा देवाला जायचं म्हणून, पावशेर पेढेही आणले.

बस्तीच्या दारात पाय धुताना अण्णांच्या आईंचं लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं. घड्याळाचा पट्टा चामड्याचा होता. रोज हातावर असलेली वस्तू, माझ्या ध्यानातच आली नव्हती. आजी रागावल्या नाहीत. "काढा आणि वहाणांजवळ ठेवा, मग परत हात धुवा," एवढंच म्हणाल्या. नुसतं काढून खिशात टाकलं तर चालत नाही, हे मला तिथे कळलं. वस्तू अंगावर नको म्हणजे पिशवीत, खिशात, कुठेच नको. मोबाईलचं कव्हर, किल्ल्यांचं पाकीट, बायकांची पर्स, टोपीच्या आतली पट्टी, या गोष्टी घरी एकदा हातात घेऊन बघाव्यात. रेक्झिन चालतं, पण लांबून बघणाऱ्याला फरक कळत नाही, म्हणून तेही बाहेरच राहिलेलं बरं.

पेढ्यांचा पुडाही बाहेरच राहिला. प्रसाद म्हणून वाटायला खाऊ आत न्यायचा नसतो. देवासमोर जे ठेवलं ते निर्माल्य, ते परत घेऊन खाणं हा दोष मानतात. म्हणून या देवळातून कुणी प्रसाद घेऊन बाहेर पडत नाही.

आत शिरताना अण्णा "निःसही, निःसही, निःसही" असं तीनदा म्हणाले. घरादाराचे, धंद्याचे विचार इथून मागे सोडले, असा त्याचा अर्थ. मग घंटा, आणि समोर मूळनायक पार्श्वनाथ. काळ्या पाषाणाची पद्मासनातली मूर्ती, डोक्यावर सात फण्यांचा नाग. मुकुट नाही, वस्त्र नाही, हातात काही नाही, डोळे अर्धे मिटलेले. पंढरपूरच्या विठोबाला अलंकारात बघत वाढलेल्या माझ्या डोळ्यांना ती मूर्ती सुरुवातीला अपुरी वाटली. थोड्या वेळाने ध्यानात आलं की तिच्यात अपुरं काहीच नाही. सगळं टाकून दिल्यावर जो उरतो त्याचीच ती मूर्ती आहे.

मी अगदी समोर जाऊन उभा राहिलो, तसं अण्णांनी हलकेच बाजूला घेतलं. मागच्यांच्या दर्शनात आड यायचं नाही. मग तांदूळ वाहायला शिकवलं. अंगठा आत घेऊन मूठ मिटायची आणि देवासमोरच्या पाटावर पाच लहान पुंज घालायचे: मधे अरिहंत, वर सिद्ध, उजवीकडे आचार्य, खाली उपाध्याय, डावीकडे साधू. णमोकार मंत्रातली पाच नमनं ती हीच. त्या मंत्रात एकाही तीर्थंकराचं नाव नाही, हे मला तिथे पहिल्यांदा जाणवलं. शेजारी ग्रंथ ठेवले होते, त्यांच्यापुढे चार पुंज. गुरूंच्या प्रतिमेपुढे तीन: सम्यक दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य. नंतर तीन प्रदक्षिणा.

अभिषेकाला वेळ होता, तेवढ्यात मी आवारातल्या विहिरीकडे गेलो. सगळ्या सकाळीत मला सर्वांत मोलाचं वाटलं ते तिथेच बघायला मिळालं. एक तरुण पाणी शेंदत होता. बादलीतलं पाणी तो जाड सुती कापडाच्या दुहेरी घडीतून कळशीत गाळत होता. गाळून झालं की त्याने कापड पिळलं नाही. ते उलटं धरून त्यावर गाळलेलंच थोडं पाणी ओतलं, कापडावर अडकलेलं एका भांड्यात उतरवलं आणि ते भांडं पुन्हा विहिरीत सोडलं. त्या भांड्याला तळाशीही कडी होती. पाण्याला टेकलं की ते अलगद कलंडतं. वरून पाणी ओतलं तर आपटून जीव मरतील, म्हणून ही सोय. कापडात राहिलेल्या त्या सूक्ष्म जीवांना जिवाणी म्हणतात आणि ती ज्या विहिरीची त्याच विहिरीत परत जाते.

गाळलेलं पाणीही कायमचं शुद्ध राहत नाही. ४८ मिनिटांनी ते पुन्हा गाळावं लागतं. त्यात लवंग कुटून घातली की ६ तास चालतं, चांगलं उकळलं तर २४ तास. नळाचं पाणी का नाही, हे मला विचारावं लागलं नाही. नळाच्या पाण्यातली जिवाणी परत कुठे सोडणार?

चामड्याचा खुलासाही आजींनी विहिरीच्या कट्ट्यावरच केला. मी विचारलं होतं, मुनींच्या हातात मोरपिसांची पिंछी असते, ती कशी चालते? "मोर पिसं आपणहून टाकतो. चामडं कुणी आपणहून देतं का?" त्या म्हणाल्या. त्यांच्या सासऱ्यांच्या काळात शेताला चामड्याच्या मोटेने पाणी द्यायचे, पण त्या पाण्याचा एक थेंब बस्तीत येत नसे. पखालीतलं पाणी नाही, चामड्याच्या बुधल्यातलं तूप-तेल नाही. मेलेल्या शरीराच्या कातड्यात जीव उपजत राहतात असं मानतात, त्यामुळे त्याला लागलेलं पाणीही वर्ज्य. म्हणजे माझ्या मनगटावरचा पट्टा आणि विहिरीतलं ते तळाला कडी असलेलं भांडं, दोन्हींच्या मागे एकच विचार होता. दारावर चार ओळींची पाटी वाचून मला तो कधीच कळला नसता.

अभिषेक मोठ्या मूर्तीवर रोज होत नाही. पंचधातूची लहान मूर्ती सिंहासनावर ठेवतात. उपाध्ये मंत्र म्हणत होते, सोवळ्यातले चौघे कलश धरून उभे. आधी पाणी, मग नारळाचं पाणी, उसाचा रस, तूप, दूध, दही, शेवटी केशर-चंदन आणि पुन्हा शुद्ध पाणी. दक्षिण महाराष्ट्रातल्या बस्त्यांत हा पंचामृत अभिषेक सर्रास बघायला मिळतो. दिगंबरांतल्याच तेरापंथी मंदिरांत फक्त पाण्याने करतात. मी गाभाऱ्याबाहेर बसून बघत होतो. मूर्तीला हात लावायला आतल्या सोवळ्याचे नियम पाळलेले असावे लागतात, आणि पहिल्या दिवशी तो आग्रह धरूही नये. शेवटी मूर्ती कोरड्या स्वच्छ वस्त्राने पुसली. थेंब राहू नये म्हणून खांद्याच्या आणि हातांच्या खाचाही टिपल्या.

मग अभिषेकाच्या पाण्याची, म्हणजे गंधोदकाची, वाटी फिरली. माझ्यापाशी आली तेव्हा मी सवयीने उजव्या हाताची ओंजळ पुढे केली. सत्यनारायणाचं तीर्थ घेतो तशी. ती तोंडाकडे नेणार, इतक्यात अण्णांनी माझं मनगट धरलं. गंधोदक पीत नाहीत. दोन बोटं बुडवून कपाळाला आणि डोळ्यांना लावायचं, आणि बोटं शेजारच्या वेगळ्या पाण्यात धुवायची, म्हणजे तो हात नंतर कुठे लागून त्याचा अनादर होत नाही. अण्णांचं कपाळ रोज कशाने ओलं असतं, ते तेव्हा कळलं.

त्यानंतर अष्टद्रव्यांची पूजा झाली: जल, चंदन, अक्षत, पुष्प, नैवेद्य, दीप, धूप, फळ. प्रत्येक द्रव्य वाहताना जे मागतात ते मी कान देऊन ऐकलं. जल वाहायचं ते जन्म, जरा आणि मृत्यू संपावेत म्हणून. अक्षता अक्षय पदासाठी. आणि नैवेद्य 'क्षुधारोगविनाशनाय', म्हणजे भूक हा रोग मानून तो नाहीसा व्हावा म्हणून. माझ्या घरी नैवेद्य देवाने जेवावं म्हणून दाखवतात. इथे ज्याला भूकच उरली नाही त्याच्यासमोर आपली भूक ठेवायची. पेढे बाहेर का राहिले, ते या एका ओळीने मला नीट समजलं. मूर्ती कुणाला काही देत नाही, कुणावर कोपत नाही. तिच्याकडे बघून आपणच तसं व्हायचं, असं अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या म्हणण्यात समजावण्याचा सूर नव्हता.

एक जागा मात्र माझ्या ओळखीची निघाली. बाजूच्या देवळीत पद्मावती होती. हिरवी साडी, बांगड्या, कपाळभर कुंकू. मी येताना आधी तिकडेच वळणार होतो. पद्मावती ही पार्श्वनाथांची शासनदेवी, तीर्थंकर नव्हे. दर्शन आधी जिनांचं, मग तिचं. इकडच्या बायका तिची ओटीही भरतात. आजींनी त्या सकाळी एक भरली.

पुढे सांगलीत एका गुजराती मित्राबरोबर श्वेतांबर देरासरात गेलो, तेव्हा तिथे मूर्तीला डोळे बसवलेले होते, अंगी घातलेली होती. पूजा करणाऱ्यांनी श्वास मूर्तीवर जाऊ नये म्हणून तोंडाला वस्त्र बांधलं होतं. त्यामुळे नव्या मंदिरात जाताना मी आता सोबत नेणाऱ्यालाच आदल्या दिवशी विचारतो.

निघताना देवाकडे पाठ न करता चार पावलं मागे आलो. बाहेर घड्याळ वहाणांशेजारी होतं तिथेच होतं. ते मी खिशात टाकलं, हातात घातलं नाही. त्या आठवड्यात त्याला नायलॉनचा पट्टा बसवून घेतला. पुढच्या रविवारी पाय धुताना आजींनी आधी माझ्या मनगटाकडे पाहिलं, मग तांदळाच्या पिशवीकडे, आणि म्हणाल्या, "चला, अभिषेक सुरू होईल."