ढब्बू तोंड उघडून श्वास घ्यायला लागला तेव्हा

ढब्बू आमचा सात वर्षांचा बोका. संध्याकाळी पलंगाखालून बाहेर आला आणि खोलीच्या मधोमध बसला. तोंड अर्धवट उघडं, जिभेचं टोक बाहेर. कुत्र्यासारखी धाप. आई म्हणाली, "अगं, तहान लागली असेल, पाणी पाज त्याला." मी वाटी पुढे केली. त्याने वास घेतला आणि मान फिरवली. क्षणभर वाटलं, ड्रॉपरने दोन थेंब तोंडात सोडावेत. सोडले नाहीत, ते नशीब. श्वासासाठी झगडणाऱ्या मांजराला पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, हे मला त्यानंतर तासाभराने कळलं.

माझी पहिली चूक मात्र झालीच होती. 'गरम होत असेल' म्हणून मी पंखा वाढवला आणि दहाएक मिनिटं नुसती बघत बसले. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, ती त्याची रोजची रीत. मांजराची तशी नाही. ते नाकानेच श्वास घेतं, आणि नाकाने पुरेनासं झालं की मग तोंड उघडतं. याला अपवाद आहेत: पिल्लू दमेपर्यंत हुंदडलं, मांजर गाडीत घाबरलं किंवा फार उकाड्यात सापडलं, तर थोडा वेळ तोंड उघडं दिसू शकतं. पण शांत जागी, सावलीत ठेवल्यावर काही मिनिटांत ते बंद व्हायला हवं. ढब्बू खेळला नव्हता, घाबरला नव्हता, दुपारभर गार फरशीवर होता. त्याला धाप लागायचं एकही साधं कारण नव्हतं.

मग नीट पाहिलं. दोन्ही कोपर अंगापासून बाहेर फाकवलेले, मान पुढे ताणलेली, आणि श्वासागणिक छातीपेक्षा पोटच जास्त हलत होतं. तो आडवा होत नव्हता. दोनदा कुशीवर व्हायला गेला आणि लगेच उठून बसला. हे पाहून माझ्या पोटात गोळा आला, कारण दमलेलं मांजर आडवं होतं, हा होऊच शकत नव्हता. ओठ जरासा उचलून हिरड्या पाहिल्या. एरवी गुलाबी असतात, आज राखाडी दिसल्या. तेवढ्यानेही तो आणखी घाबरला. आता मी सांगेन की तोंड उघडं दिसलं आणि ते थांबत नाही, तर हिरड्यांचा रंग बघत बसायचं कारण नाही. रंग गुलाबी असला तरी निघायचंच असतं.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आधी एकच विचारलं, "आत्ता तोंड उघडंच आहे?" हो म्हटल्यावर म्हणाले, "लगेच निघा. मी ऑक्सिजन तयार ठेवतो. त्याला छातीशी घेऊ नका, कुशीवर झोपवू नका, खायला-प्यायला काही देऊ नका, घरातलं कुठलंही औषध देऊ नका." औषधाचं त्यांनी मुद्दाम सांगितलं, कारण माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला जीवघेणी ठरते.

त्याला कॅरिअरमध्ये घालायचं हीच खरी कसोटी. आमच्या कॅरिअरचं वरचं झाकण निघतं. ते काढून खालच्या भागात टॉवेल पसरला, ढब्बूला दोन्ही हातांनी खालून आधार देत बसल्या अवस्थेतच उचलून ठेवलं आणि झाकण पुन्हा लावलं. दारातून ढकललं असतं तर त्याने झटापट केली असती, आणि त्या झटापटीला लागणारा ऑक्सिजन त्याच्याकडे नव्हताच. गाडी आधी थंड केली. आई मागे बसली, त्याच्याशी बोलायचं नाही, हात आत घालायचा नाही, असं ठरवून. आईला ते अवघड गेलं.

दवाखान्यात गेल्या गेल्या डॉक्टरांनी कॅरिअर माझ्या हातातून घेतला, आत नेला आणि ढब्बूला ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलं. तपासलं नाही, टेबलावर घेतलं नाही, एक्स-रेचं नावही काढलं नाही. मला मनातून राग आला: एवढं धावत आणलं आणि हे नुसते काचेतून बघताहेत! पण तेच बरोबर होतं. अशा अवस्थेत मांजराला दाबून धरून एक्स-रेसाठी आडवं केलं तर ते टेबलावरच जाऊ शकतं. थोड्या वेळाने, अगदी सौम्य गुंगीच्या इंजेक्शननंतर, बसलेल्या स्थितीतच छातीला सोनोग्राफीचा प्रोब लावला. फुप्फुसांभोवती पाणी साचलं होतं. फुप्फुसं फुगायला जागाच नव्हती.

बरगड्यांमधून बारीक सुई घालून त्यांनी ते पाणी काढलं. फिकट पिवळसर, दोन्ही बाजूंचं मिळून साधारण दीडशे मिलिलिटर. चार किलोच्या जिवाच्या छातीत इतकं! सुई बाहेर आली आणि काही मिनिटांत ढब्बूने तोंड मिटलं. मी मांजराचं मिटलेलं तोंड इतक्या आनंदाने कधीच पाहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पाणी फुप्फुसांभोवती असलं तर सुईने काढता येतं, पण फुप्फुसांच्या आतच असलं तर सुईचा उपयोग नाही. तेव्हा लघवी वाढवून पाणी उतरवणारं इंजेक्शन द्यावं लागतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून घरी अंदाज बांधण्यात अर्थ नसतो. मांजरांचा दमाही बाहेरून असाच दिसू शकतो.

पाणी साचायचं कारण पुढे हृदयाच्या इकोमध्ये सापडलं. हृदयाची डावी भिंत जाड झाली होती. मांजरांमध्ये हृदयाचा हा आजार सगळ्यात जास्त आढळतो आणि बऱ्याचदा शेवटपर्यंत काहीच दाखवत नाही. मी विचारलं, "पण डॉक्टर, तो कधी खोकलासुद्धा नाही!" ते म्हणाले, हृदय थकलेला कुत्रा खोकतो, मांजर सहसा खोकत नाही, ते फक्त कमी हलतं. तेव्हा आठवलं: दोन दिवस ढब्बू खिडकीवर चढला नव्हता, जेवण निम्मं टाकून पलंगाखाली जाऊन बसत होता. आम्ही म्हटलं, वय झालं.

आता तो रोज लघवीची गोळी घेतो आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेलचा पाव तुकडा. ही दुसरी इतकी कडू की जिभेला लागली तर तोंडातून फेस येतो, म्हणून ती रिकाम्या कॅप्सूलमध्ये घालून देते. रोज रात्री तो गाढ झोपला की मी श्वास मोजते: छाती वर येऊन खाली गेली की एक, तीस सेकंद मोजायचं, मग दुप्पट. मिनिटाला तीसच्या आत हवं. घुरघुरत असताना किंवा स्वप्नात मिशा हलत असताना मोजलेला आकडा धरायचा नाही. गेल्या महिन्यात एका रात्री छत्तीस आले. तासाभराने पुन्हा मोजले, अडतीस. तोंड बंद होतं, तो शांत झोपला होता, आई म्हणाली सकाळी बघू. मी फोन केला. डॉक्टरांनी त्याच रात्री बोलावलं. पाणी परत साचायला लागलं होतं, पण या वेळी सुई लागली नाही, गोळीचा डोस वाढवून भागलं. काल रात्री बावीस होते.