गजराचे शब्द आणि बुवांचा आवाज : घरच्या कराओकेची प्रगती

चतुर्थीला मुंबईहून गावी येणाऱ्या मुलांना आमच्या भजनी मंडळाचा गजर, म्हणजे भजनाच्या शेवटी चढत्या लयीत गायचे गीत, आधीच पाठ करून येता यावे, यासाठी मी सध्या त्या गजराची कराओके प्रत तयार करत आहे. पडद्यावर शब्द गाण्याबरोबर उजळत जावेत आणि बुवांचा, म्हणजे मुख्य गायकाचा, आवाज हवा तितका कमी-जास्त करता यावा, एवढीच माझी अपेक्षा आहे. ॲपल म्युझिकमध्ये 2022च्या डिसेंबरमध्ये आलेली ‘सिंग’ ही सोय नेमके हेच करते. चित्रपटातील अनेक गाण्यांवर तिची माइकची खूण दिसते. सिंधुदुर्गातील भजनांच्या ज्या ध्वनिफिती मी तेथे उघडून पाहिल्या, त्यांवर मात्र ती मला आढळली नाही. हा फरक का पडतो, हे समजल्याशिवाय पुढचे काम नीट होणार नव्हते, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

या सोयीला दोन स्वतंत्र गोष्टी लागतात. पहिली म्हणजे गायकाचा आवाज वाद्यांपासून वेगळा काढणे. हे काम उपकरणातील प्रक्रियक गाणे वाजत असतानाच करतो. म्हणूनच आयफोनांत आयफोन 11 आणि त्यानंतरच्या फोनवरच ही सोय चालते. दुसरी गोष्ट म्हणजे वेळेत बांधलेले शब्द, म्हणजे कोणता शब्द गाण्याच्या कोणत्या क्षणी येतो याची नोंद असलेला मजकूर. खूण दिसत नसेल, तर कारण कोणते हे ओळखण्याचा मार्ग सोपा आहे. तेच गाणे नव्या फोनवर उघडावे. तेथे खूण दिसली, तर अडचण आपल्या उपकरणाची आहे. तेथेही ती नसेल, तर गीताचे पान पाहावे. ते उघडतच नसेल, तर शब्दच पुरवलेले नाहीत. ते उघडते, पण कवितेसारखे स्थिर राहते आणि गाण्याबरोबर सरकत नाही, तर शब्द आहेत, परंतु त्यांना वेळ जोडलेली नाही.

भजनांच्या बाबतीत माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा शब्दच नसतात आणि याचे मूळ हक्कांत आहे. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क आणि गीताच्या शब्दांचा हक्क वेगवेगळे असतात. गीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षे राहतो. त्यामुळे गाणे वाजवण्याची परवानगी मिळाली, म्हणजे त्याचे शब्द पडद्यावर छापण्याची परवानगी मिळाली असे होत नाही. संतांच्या जुन्या अभंगांना हक्काची ही आडकाठी नाही, तरीही त्यांचे शब्द दिसत नाहीत, कारण कोणीतरी ते टंकून, ऐकून आणि वेळेत बांधून द्यावे लागतात. मोठी कंपनी किंवा शब्द पुरवणारी संस्था हे काम खपणाऱ्या गाण्यांसाठी करते. डबलबारीची, म्हणजे दोन बुवांमधल्या भजनाच्या सामन्याची, संपूर्ण बारी एकाच लांबलचक ध्वनिफितीत चढवलेली असते आणि तिच्यात रूपावली, अभंग, गवळण, मधले बोलणे व गजर सलग येतात. तिचे शब्द बसवायला कोण बसणार? माझ्या मते खरी उणीव येथेच आहे. आवाज कमी करण्याचे तंत्र त्या मानाने सहज हाती येते.

आमचा गजर बुवांनी स्वतः रचलेला आहे. त्यांची व मंडळाची संमती घेऊन मी मंदिरात केलेले ध्वनिमुद्रण वापरले. आवाज वेगळा करण्यासाठी डेमक्स ही मुक्त संगणकप्रणाली घेतली. तिची आज्ञा अशी आहे :

```
demucs --two-stems=vocals gajar.wav
```

यातून `vocals.wav` आणि `no_vocals.wav` अशा दोन फिती मिळतात. पखवाज आणि झांजा दुसऱ्या फितीत स्वच्छ उतरल्या. पेटीने मात्र त्रास दिला. भजनात पेटी बुवांच्या गळ्यामागोमाग तेच स्वर वाजवते, त्यामुळे लांब स्वरांवर पेटीचा काही भाग आवाजाच्या फितीत ओढला जातो आणि मागे उरलेली पेटी पोकळ ऐकू येते. अशा प्रणालींच्या शिक्षणासाठी व चाचणीसाठी सर्रास वापरला जाणारा म्युझडीबी18 हा 150 गाण्यांचा संच मुख्यत्वे पाश्चात्त्य पॉप आणि रॉक संगीताचा आहे. पेटी आणि गळा एकत्र चालण्याची सवय त्यातून लागणे कठीण आहे, असे मला वाटते. दुसरी मर्यादा कोरसची. प्रणाली मानवी आवाज तेवढा बाजूला काढते; बुवा कोण आणि कोरस कोण हे तिला कळत नाही. बुवांचा आवाज कमी केला की त्यांच्यामागून ओळ उचलणारे सर्वजणही मंदावतात. गजरात मागची साथ हाच प्राण असल्यामुळे ही उणीव मला सर्वांत जास्त जाणवते.

म्हणून आवाज पूर्ण काढून टाकण्याऐवजी तो मूळच्या चतुर्थांशावर ठेवून ffmpeg या प्रणालीने पुन्हा मिसळला :

```
ffmpeg -i no_vocals.wav -i vocals.wav -filter_complex "[1:a]volume=0.25[v];[0:a][v]amix=inputs=2:normalize=0" gajar_25.wav
```

या पातळीवर पेटीचा हरवलेला भागही थोडा परत येतो, पोकळपणा झाकला जातो आणि शिकणाऱ्याला सुराचा आधार राहतो. `normalize=0` लिहिले नाही, तर मिश्रण करताना दोन्ही फिती दबतात आणि एकूण आवाज बारीक होतो.

शब्दांसाठी एलआरसी ही साधी मजकूर-फाइल पुरते. ओळीच्या आधी चौकोनी कंसात मिनिटे व सेकंद, आणि प्रत्येक शब्दाच्या आधी टोकदार कंसात त्या शब्दाची वेळ लिहायची असते :

```
[00:18.40]<00:18.40>इलो <00:18.95>रे <00:19.50>इलो
[00:21.10]<00:21.10>गणपती <00:22.30>घराक <00:23.05>इलो
```

फाइल UTF-8 मध्ये साठवावी, अन्यथा देवनागरीच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. काही प्लेअर शब्दांच्या वेळा वाचत नाहीत आणि टोकदार कंस जसेच्या तसे दाखवतात; तेथे केवळ ओळीची वेळ ठेवलेली बरी. वेळ टिपताना ऐकून कळ दाबली, की हात किंचित मागे राहतो. हा उशीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असेल, तर सर्व वेळा तितक्याने कमी केल्या की काम भागते. उशीर मिनिटागणिक वाढत जात असेल, तर दोष हाताचा नाही; फितीचा वेग वेगळा आहे. जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या प्रतीत असे हमखास होते, आणि तेथे आधी वेग दुरुस्त करावा लागतो.

गजराच्या शेवटी लय चढत जाते, त्यामुळे पहिल्या आवर्तनाच्या वेळा मोजून पुढच्या आवर्तनांत तशाच उतरवता येत नाहीत. प्रत्येक आवर्तन स्वतंत्रपणे ऐकून बसवावे लागते. पहिला संथ भाग आणि मधला भाग आता पूर्ण झाला आहे. उरलेल्या द्रुत भागात शब्दागणिक उजळणे डोळ्यांना पेलत नाही, म्हणून तेथे केवळ ओळीची वेळ देऊन ती ओळ गाण्याच्या अर्धा सेकंद आधी दाखवण्याचे ठरवले आहे. कोरससाठी मंडळाच्या पुढच्या तालमीत कोरसचेच वेगळे ध्वनिमुद्रण करून ते तिसरी फीत म्हणून मिसळायचे आहे. ते चढत्या लयीशी जुळावे यासाठी गाणाऱ्यांच्या कानात मूळ फीत वाजती ठेवावी लागेल.